मधला मोठा ठिपका

लग्नाच्या व्हिडिओवाल्याला कोण काय समजतं हो? नवरदेवाच्या मामाला तो दिसत नाही, वरमाईला तो नको तेव्हा दिसतो, आणि जेवणाच्या पंगतीत त्याची आठवण सगळ्यात शेवटी निघते. गौस नदाफनं हे सगळं भोगलं होतं. पण सोलापुरात जुन्या गिरणीच्या चिमणीमागं जे मैदान आहे, तिथं मात्र गौसभाई आल्याशिवाय सामना सुरू होत नसे. तिथं त्याचा कॅमेरा म्हणजे काहीतरी होतं. माणसाला एवढं तरी पाहिजे की नाही? कुठंतरी, कुणीतरी थांबायला पाहिजे आपल्यासाठी.

तो मूळचा टेंभुर्णीचा. बापाचा चौकात फोटो स्टुडिओ. पोरगा शिकायला म्हणून सोलापुरात आला आणि शिकला ते गोलकीपिंग. चिमणी क्लबचा गोलकीपर म्हणून आठ-दहा वर्षं खेळला, एका सामन्यात उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ती वाकडी जुळली, आणि मग त्यानं बापाचाच कॅमेरा गळ्यात अडकवून सोलापुरातच स्टुडिओचं दुकान टाकलं. क्लब काही सुटला नाही. क्लबचे प्रशिक्षक इमामसाब उस्ताद त्याला म्हणाले, "खेळता येत नै तो नक्को खेळ. लेकिन आता रह." हा येत राहिला.

लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली तेव्हा घरात बसून बसून त्याचं डोकं फिरायची वेळ आली. त्या दिवसांत फोनवर काहीबाही बघता बघता त्याला दिसलं, की परदेशातले लोक सामना नुसता बघत नाहीत, तो उतरवून काढतात. कोणी कोणाला पास दिला, कुठून दिला, पोचला की नाही, एकूण एक. झालं! गौसला वेडच लागलं. फुकटातलं एक सॉफ्टवेअर त्यानं लॅपटॉपवर चढवलं. सामना सुरू झाला की पाण्याच्या टाकीवर तीन पायांवर कॅमेरा लावायचा, सगळं मैदान एका चौकटीत येईल असा, आणि मग दुकानात बसून तो व्हिडिओ थांबवत थांबवत एकेक पास टिचकी मारून नोंदवायचा. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात, म्हणून दुसऱ्या हाफच्या नोंदी उलटून घ्यायच्या, नाहीतर डावा माणूस उजवीकडं दिसतो आणि सगळाच बट्ट्याबोळ. पहिल्या महिन्यात त्यानं तोही करून घेतला होता.

ह्यातून दोन चित्रं निघायची. एक पासिंग नेटवर्क. गौस त्याला जाळं म्हणायचा. प्रत्येक खेळाडूचा एक ठिपका. त्यानं जिथून जिथून चेंडू खेळवला त्या सगळ्या जागांची सरासरी काढायची आणि तिथं ठिपका ठेवायचा. जेवढे पास जास्त तेवढा ठिपका मोठा. दोघांत जेवढी देवाणघेवाण जास्त, तेवढी मधली रेघ जाड. दुसरं चित्र हीट मॅप. एकेका खेळाडूनं मैदानात कुठं कुठं चेंडूला पाय लावला त्याचा डाग. जास्त तिथं लाल, कमी तिथं पिवळा, काहीच नाही तिथं नुसतं हिरवं.

पोरं सुरुवातीला हसली. "आली गौसभाईची कुंडली," म्हणायची. उस्तादांनी तर कागद उलटा धरून बघितला. पण गौस चिवट. तो समजावून सांगायचा, "हे बगा, लाल दिसलं म्हंजे आपण तितं वस्ताद, असं न्हाय. आपले तिघं बॅक आपापसात बॉल फिरवत बसतात, तितं लालभडक दिसतंय. पण तितनं पुढं काय जातंय? काय न्हाय. आता हितं बगा. डावीकडं अतीक, मधी प्रभु, पुढं नंदीश. ह्या तिघांचा तिकोण. रंग फिका हाय, पण गोलपाशी जे बॉल जातात, निम्म्याहून जास्त ह्या तिकोणातून जातात. आपली ताकद हितं हाय."

उस्तादांनी कागद सुलट केला. त्या मोसमात क्लब डावीकडून खेळला आणि जिल्ह्याच्या लीगमध्ये सगळ्यांची खोड मोडली. त्यानंतर कुंडली म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता ह्या तिकोणातला प्रभु. प्रभु म्हणजे ईरम्माचा पोरगा. ईरम्मा अक्कलकोटकडची, घरात कानडी, दारात मराठी. प्रभु तिला अव्वा म्हणायचा. नवरा गेला तेव्हा तो लहान होता. तिनं कडक भाकरीचा धंदा काढला. पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकतील अशा भाकऱ्या, सोबत शेंगाची चटणी. गौसच्या दुकानासमोरच्या बोळात तिचं घर. तव्याचा वास दिवसभर स्टुडिओत यायचा, आणि प्रभु शाळेतून आला की आईपेक्षा गौसच्या दुकानात जास्त. चेंडूला कसा पाय लावायचा हे त्याला गौसनं शिकवलं, ह्याच बोळात. स्वतःला मूल नाही. बायको हुस्ना म्हणायची, "तुमचा जीव त्या पोरात अडकलाय." अडकला होताच. त्यात लपवायचं काय?

प्रभु खेळायचा मात्र असा की बघत राहावं. दिवाळीच्या आसपासचे त्याचे हीट मॅप गौसनं मोठे छापून दुकानात लावले होते. आपल्या गोलपासून ते समोरच्याच्या गोलपर्यंत डाग पसरलेला. बॅकच्या पुढं येऊन चेंडू काढून घेणार हाच, मधून पळवणार हाच, आणि पुढं नंदीशच्या पायात नेऊन ठेवणारही हाच. पुण्यातल्या एका सरकारी खात्याचा संघ होता, त्यांच्या माणसानं त्याला दिवाळीनंतर एकदा बघितलं आणि सांगून ठेवलं, "होळीच्या सुमाराला निवड आहे. तीन दिवसांची ट्रायल. त्याआधी आम्हाला ह्याचे अलीकडचे सामने आणि तुमचे ते नकाशे पाठवा." निवड झाली की खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. ईरम्माला हे कळलं त्या दिवशी तिनं सगळ्या बोळाला हुग्गी, गव्हाची गोड खीर, वाटली.

मग डिसेंबरात मोडनिंबच्या सामन्यात प्रभु खड्ड्यात पाय जाऊन पडला. पडला, उठला, पँट झटकली, खेळला. कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा गौसला जाळ्यात काहीतरी खुपायला लागलं. क्लब जिंकत होता, पण कसाबसा. जाळं तर ठणठणीत दिसत होतं. मध्यभागी प्रभुचा ठिपका सगळ्यात मोठा, अतीकची रेघ त्याच्याकडं येणारी दोरखंडाएवढी जाड. मग बिघडलंय कुठं? गौसनं एकेकाचे हीट मॅप काढले आणि अतीकचा बघून त्याचं डोकं सणकलं. अतीक डाव्या बाजूचा खेळाडू. त्याचा डाग डाव्या रेषेला धरून लांबट असायचा. आता तो मध्ये घुसला होता. आपल्या बॅकच्या पुढ्यात, अगदी मधोमध, लाल. डावी बाजू उघडी.

"हा जागा सोडतोय, उस्ताद!" गौस तणतणत मैदानावर गेला. "बगा की! ह्याला कुणी सांगितलंय मधी यायला? आपला सगळा डावा तिकोण ह्यानं मोडून ठेवलाय."

इमामसाब उस्तादांचा आता कागदावर डोळे झाकून विश्वास. त्यांनी अतीकला बोलावलं. अतीक रिक्षा चालवायचा, तोंडानं कमी बोलणारा, मान खाली घालून उभा राहिला.

"क्यों रे? अपनी जगह नै रैता?"

अतीकनं गौसकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "गलती हो गई उस्ताद."

"तो बैठ बाहर."

पुढच्या रविवारी अतीक बाहेर बसला, आणि चिमणी क्लबची अशी काही धूळधाण झाली की विचारू नका. समोरचा संघ मधूनच यायचा, गावच्या रस्त्यानं यावं तसा. बॅक आणि मिडफिल्डच्या मधे कुणीच नाही. गौस टाकीवर कॅमेऱ्यामागं उभा राहून शिव्या घालत होता. कुणाला घालायच्या हे मात्र त्याला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं त्या सामन्याच्या नोंदी संपवल्या. सगळ्या संघाचा मिळून एक हीट मॅप काढला. बॅकच्या पुढ्यात, बरोब्बर मधोमध, हिरवंगार. एक टिंब नाही. अतीक जिथं लाल होता तीच जागा. त्यानं प्रभुचा हीट मॅप काढला. मग भिंतीवरचा दिवाळीचा उतरवला आणि शेजारी ठेवला. मग डिसेंबरचे, जानेवारीचे, एकेक काढून टेबलावर ओळीनं मांडले.

ती ओळ त्यानं दोनदा तपासली.

दिवाळीत सगळं मैदान व्यापणारा तो डाग डिसेंबरअखेर निम्मा झाला होता. संक्रांतीला मधल्या वर्तुळाएवढा. आणि कालचा तर ताटाएवढा. पोरगा पळतच नव्हता. जिथं उभा, तिथंच उभा. पोरं चेंडू आणून त्याच्या पायात देत होती, तो जागेवरूनच जवळच्याला परत देत होता. पासांची संख्या तीच, म्हणून जाळ्यात ठिपका मोठाच्या मोठा. आणि ठिपक्याची जागा? ती तर हललीच नव्हती. सगळ्या मैदानभर धावणाऱ्याची सरासरी मधोमध येते, आणि मधोमध नुसत्या उभ्या असलेल्याचीही मधोमधच येते. जाळ्याला दोघांतला फरक कळत नाही. गौसला कळायला पाहिजे होता. इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून बघितलं, आणि घरचंच दिसलं नाही.

आणि अतीक? अतीक जागा सोडत नव्हता. प्रभुनं सोडलेली जागा तो भरत होता. स्वतःच्या बाजूवरून धावत मध्ये यायचं, प्रभुनं करायची ती झटापट करायची, चेंडू काढायचा आणि प्रभुच्या पायात नेऊन द्यायचा, म्हणजे सगळ्यांना वाटावं प्रभुच खेळतोय. ती जाड रेघ त्याचीच होती. आणि त्याबद्दल त्याला मिळालं काय, तर बाहेरचा बाक. गौसला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यानं प्रभुला दुकानात बोलावलं आणि शटर अर्धं ओढलं. कागद टेबलावर तसेच होते. प्रभुनं ते बघितले. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. हे वाचायला त्याला गौसनंच शिकवलं होतं.

"कुटला पाय?" गौस म्हणाला.

"उजवा. गुडघा."

"मोडनिंबपासनं?"

"व्हय. वळलं की सरकतोय, चाचा. सरळ पळालं तर काय न्हाय होत. वळायचं म्हटलं की आतनं निसटल्यागत होतंय."

"डॉक्टर?"

प्रभुनं एका कागदाची कड दुमडली.

"अरे, डॉक्टर म्हटलं मी!"

"न्हाय दाखवलं. दाखवलं तर तो खेळू नको म्हणणार. मग ट्रायल?" पोरगा खुर्चीवर बसला. "अतीकला म्हायती हाय. त्यो म्हणला, होळीपर्यंत मी सांभाळतो. तुमीच त्याला बाहेर बसवला."

गौस कागद एकावर एक रचू लागला. समोरच्या बोळातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप.

"पुण्याला नकाशे पाठवायचेत," शेवटी तो म्हणाला. "हे पाठवू? हे बघून ते तुला दारात तरी उभा करतील?"

"नका ना पाठवू," प्रभु म्हणाला. "जाळं पाठवा की. जाळ्यात मी हाय तसाच हाय." मग त्यानं गौसचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. "चाचा, तीन दिवस. तीनच दिवस कसंबसं निभावतो. एकदा घेतलं की मग आजारपणाची रजा टाकतो, त्यांच्याच डॉक्टरकडनं बरा करून घेतो. अव्वाला नका सांगू. तिच्या तोंडाकडं बघवत न्हाय मला."

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसानं कान पकडून दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. बरोबर आहे. नंतर सगळेच शहाणे असतात. पण त्या दुपारी त्या दुकानात बसलेल्या माणसाला दुसरंच दिसत होतं: हुग्गी वाटणारी बाई, आणि आयुष्यात एकदाच उघडणारं दार. गौस म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला. आणि त्याच बैठकीत त्यानं जाळं पाठवलं. संक्रांतीच्या सामन्याचं, सगळ्यात देखणं. मधोमध प्रभुचा मोठा ठिपका, चहूकडून रेघा त्याच्याकडं येणाऱ्या. व्हिडिओसुद्धा पाठवले, पण प्रभुचे चांगले तुकडे जोडून. लग्नाच्या व्हिडिओत रुसवेफुगवे कापून काढायची सवय होतीच हाताला. हीट मॅप त्यानं पाठवले नाहीत.

उस्तादांना त्यानं सांगितलं, माझी वाचण्यात चूक झाली, अतीकला आत घ्या. का, ते सांगितलं नाही. अतीक पुन्हा डावीकडं आला आणि पुन्हा मध्ये घुसू लागला, आणि ट्रायलपर्यंत त्यानं प्रभुचं ओझं असं वाहिलं की लांबून बघणाऱ्याला प्रभु राजासारखा वाटावा. आता गौस त्याचा हीट मॅप उघडायचा आणि बंद करायचा.

पुण्याहून बोलावणं आलं. ईरम्मानं पोराच्या कपाळाला विभूती लावली, डब्यात भाकऱ्या भरल्या, वर चटणी. स्टेशनवर अख्खा क्लब गेला. अतीकनं स्वतःच्या रिक्षातून त्याला सोडलं. गाडी हलली तेव्हा अतीक गौसच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाई, वहाँ उसके बाजू में कौन खेलेगा?"

गौसनं ह्याचा विचारच केला नव्हता. खोटं नाही सांगत. नकाशावरच्या रेघा वाचण्यात जन्म घातलेल्या माणसाला हे सुचलं नाही, की ती जाड रेघ पोराच्या पिशवीत भरून देता येत नाही. ठिपका गेला, ज्यांच्यामुळं तो मोठा होता ते सगळे सोलापूरच्या फलाटावर उभे होते.

ट्रायलच्या पहिल्या दिवशी प्रभुचा फोन आला, "बरं गेलं." दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो प्रभुचा नव्हता. तिथला निवड करणारा माणूस होता. तो रागावला नव्हता, तेच जास्त लागलं.

"नदाफसाहेब, तुमच्या कागदावर हा मुलगा सगळ्यांच्या मधोमध होता. म्हणून आम्ही त्याला मधे खेळवला. त्याच्या बाजूला कुणी नसतं तेव्हा सगळं त्यालाच धावून काढावं लागतं ना. दोनदा गुडघा निसटला. तिसऱ्यांदा वळताना गुडघ्यातून आवाज आला, तो आम्हाला बाहेर ऐकू आला. तुम्ही याचे हीट मॅप काढत नाही का?"

"काढतो," गौस म्हणाला.

मग तो माणूस म्हणाला, "कुणीतरी घ्यायला या त्याला."

गौस आणि अतीक गेले. मग परतीची गाडी. प्रभु पाय लांब करून खिडकीशी बसला होता. डबा उघडलाच नव्हता.

सोलापुरातल्या डॉक्टरनं गुडघ्याचं चित्र उजेडापुढं धरलं. गुडघा बांधून ठेवणारा दोर तुटलाय, म्हणाला, आणि आतली गादीही फाटलीय. ऑपरेशन करू, चालेल, जिना चढेल, गाडी चालवेल. फुटबॉल विसरा. ईरम्मा हात जोडून उभी होती. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहिता लिहिता सहज म्हणाला, "पहिल्यांदा दुखलं तेव्हाच आणायला पाहिजे होतं. तेव्हा दोर थोडाच गेला असणार. विश्रांतीनं, व्यायामानं खेळण्यापुरता सावरला असता बहुतेक."

"पयल्यांदा म्हंजी?" ईरम्मानं विचारलं. "परवाच लागलं की हो."

प्रभुनं मान फिरवली. गौस भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. त्याला वाटलं आता बोलावं, आत्ता, इथंच, एका दमात. ईरम्माच त्याच्याकडं वळून म्हणाली, "तुमी लई केलंत गौसभाई. सख्खा काका करणार न्हाय एवढं." ह्याच्यापेक्षा तिनं चप्पल काढून मारलं असतं तर बरं झालं असतं.

मोसम संपला नव्हता. प्रभुच्या जागी दुसऱ्याला घेतलं, बरा होता, कामसू. तो उजवीकडं जास्त राहायचा. गौसनं सामना नोंदवला कारण नोंदवायचा असतो. जाळं काढलं. ठीक दिसलं, नवा ठिपका थोडा उजवीकडं, रेघा बारीक, पण आहेत. उस्ताद म्हणाले, "चलता है." पण जाळ्यात फक्त पोचलेले पास दिसतात. न पोचलेले पास सॉफ्टवेअर बाजूला ठेवतं, मागितले तर लाल फुल्या मारून दाखवतं. गौसनं ते मागितले. का मागितले कोण जाणे. मधल्या वर्तुळाशी, जिथं प्रभु उभा राहायचा, तिथं फुल्यांचा खच पडला होता. पोरं मान वर न करता चेंडू तिथंच देत होती. सगळ्यात जास्त फुल्या अतीकच्या. समोरचे येऊन आरामात उचलून नेत होते. तिथं कोणीच नव्हतं, आणि क्लबचे पाय अजून तिथंच चेंडू नेत होते.

गौस लॅपटॉपपुढं बसून रडला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, भरदुपारी, शटर उघडं, रस्त्यावर माणसं. रडला.

तशातच एकदा ईरम्मा दुकानात आली. पदराला पीठ लागलेलं. हातात फोन, त्यात ते जाळं. पुण्याला पाठवताना गौसनं प्रभुलाही पाठवलं होतं, ते तिनं जपून ठेवलं होतं.

"गौसभाई, हे चित्र मोठं करून फ्रेम करून द्या की. घरात लावते. पोरगा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतोय. बगेल तरी. एकेकाळी आपण काय होतो, ते."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. लोकांच्या फ्रेमा करणं हाच त्याचा धंदा. त्यानं चित्र छापलं, पुठ्ठ्यावर बसवलं, काच घेतली. ईरम्मा स्टुलावर बसून बघत होती.

"रांगोळीच की," ती कौतुकानं म्हणाली. "ह्यो मदला सगळ्यात मोठा ठिपका माझा ना?"

"व्हय अक्का. प्रभुचा."

"आन ह्या रेघा कसल्या?"

"पोरं त्याला बॉल देत होती त्या."

तिनं बोट काचेवर ठेवलं आणि डावीकडून येणाऱ्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. "ही केवढी जाड! कुणाची?"

"अतीकची."

"लई जीव लावलाय की वो त्यानं." ईरम्मा बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिली. मग मान वर करून तिनं सरळ, भाबडेपणानं विचारलं, "एवढं सगळं त्याच्या आधारानं चाललंय, तर मग त्याला का न्हाय पाठवलं पुण्याला, माझ्या पोरासंगं?"

गौसनं खिळा उचलला होता, तो हातातच राहिला. इतके नकाशे, इतकी वर्षं, उस्ताद, पुण्याचा तो माणूस, आणि ह्या बाईनं एक चित्र बघून नेमकं तेच विचारलं होतं. खरं उत्तर त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं, ओळीनं लावलेलं, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. ड्रॉवर हाताच्या अंतरावर होता. त्यानं तो उघडला नाही.

"एकालाच बोलावलं होतं, अक्का," तो म्हणाला.

"हां," ईरम्मा म्हणाली, "तसंच असंल." तिनं फ्रेम पदरात धरली, काचेवरचं पीठ पुसलं, आणि बोळ ओलांडून घरी गेली. थोड्या वेळानं समोरच्या घरातून भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला.